आचारी, आचार्य आणि आमची रात्रपाळी

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकात दोन महिने इंटर्न म्हणून काम केलं. दैनिकाचं नाव सांगत नाही. जी चूक सांगणार आहे तिच्यातली अर्धी माझीच आहे, आणि उरलेली अर्धी कुणाची यावरच हा लेख आहे.

ऑफिसमध्ये गेल्या गेल्या कळलं की तिथं दोन पक्ष आहेत. एक पन्नाशीच्या पुढचा, एक पंचविशीच्या आतला. मधल्या वयाची माणसं फारशी नाहीतच, ती बंगळूरला नाहीतर पुण्याला गेलीत. जुने म्हणायचे, आजकालच्या पोरांना घड्याळ बघून काम करायचं असतं आणि कुणाला विचारायचं नसतं. आम्ही चहाच्या टपरीवर म्हणायचो, यांना कॉम्प्युटर येत नाही म्हणून सगळं अडतंय, आणि प्रत्येक गोष्टीला सही कशाला लागते? पहिले पंधरा दिवस मी दुसऱ्या पक्षात अगदी मनापासून होते.

आधी काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं लक्षात यायचं नाही. खानापूर, निपाणी, चंदगडकडचे बातमीदार व्हॉट्सअॅपवर बातमी पाठवतात. ती मोबाइलवर टाइप केलेली, म्हणजे युनिकोडमध्ये असते. पानं मात्र अजून पेजमेकरमध्ये लागतात. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती २००१ मधली आहे आणि त्याला युनिकोड मराठी कळत नाही. त्याला जुना फॉन्ट लागतो. या जुन्या फॉन्टमध्ये एकूण २५६ जागा असतात, आणि त्यांत अर्धा क, काना, वेलांटी, रफार असे अक्षरांचे तुकडे बसवलेले असतात. तोच मजकूर फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर: इकडून युनिकोड घातलं की तिकडून जुन्या फॉन्टचे तुकडे बाहेर पडतात. हे काम इंटर्नचं. मग बातमी उपसंपादकाकडे, तिथून रात्रपाळीच्या मुख्य उपसंपादकांकडे (आम्ही त्यांना सर म्हणायचो), मग पानं लावणाऱ्या मामांकडे. मामा पान लावून प्रिंट काढणार, मुद्रितशोधक लाल पेनने वाचणार, सर सही करणार, मग पान प्लेटला जाणार.

मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. इनडिझाइन घ्या, सगळं युनिकोडमध्ये करा, कन्व्हर्टर नको, अर्धा तास वाचेल. हे मी सरांना एकदा ऐकवलंसुद्धा. ते म्हणाले, "मामांना विचार." मामांना विचारलं तर ते म्हणाले, "शिकीन की. पण कधी? पान लावता लावता?"

इथं मला पहिला धक्का बसला. मामा शाळा सोडून प्रेसमध्ये आले तेव्हा शिशाचे खिळे हातानं जुळवत होते. मग फोटोटाइपसेटिंग आलं, ते शिकले. मग कॉम्प्युटर, फॉन्ट, पेजमेकर, तेही शिकले. म्हणजे या माणसाने एका आयुष्यात तीनदा हात बदललेत, आणि मी एकवीस वर्षांची, एकच कीबोर्ड येणारी, त्यांना टेक्नॉलॉजी नको म्हणून सांगत होते! त्यांच्या बोटांत टाइपरायटरची मांडणी आहे. तिथं 'कि' लिहायला आधी वेलांटी मारायची आणि मग क, कारण कागदावर वेलांटी आधी येते. युनिकोडमध्ये उलटं, आधी क आणि मग वेलांटी. रफाराचंही तसंच: जुन्या पद्धतीत अक्षर लिहून झाल्यावर वर रफार, नव्यात आधी र् आणि मग अक्षर. तीस वर्षांची सवय अशी मुळापासून फिरवायला चार-सहा आठवडे तरी कामातून मोकळे द्यायला पाहिजेत. ते कुणी देत नव्हतं. मालकांनी नवीन सॉफ्टवेअर घ्यायची तयारी दाखवली होती, पण मामांच्या जागी महिनाभर दुसरा माणूस ठेवायची नाही.

आता ती चूक. मे महिन्यातला शनिवार. एका गावच्या यात्रेत पंचवीस वर्षं महाप्रसाद शिजवणाऱ्या आचाऱ्यांचा गावाने सत्कार केला. फोटोसकट बातमी रात्री उशिरा आली. डाक आवृत्ती गेली होती, शहर आवृत्तीला वीस मिनिटं उरली होती. सर फोनवर होते. मी बातमी कन्व्हर्ट केली, आणि सरांकडे न देता थेट मामांच्या फोल्डरमध्ये टाकली. वेळ वाचवला म्हणून स्वतःवर खूशही झाले. रविवारच्या अंकात तीन कॉलमी मथळा छापून आला: महाप्रसाद करणाऱ्या आचार्यांचा सत्कार.

आपण मराठी साहित्याचे विद्यार्थी, त्यामुळे काय झालं ते तुम्हाला लगेच दिसलं असेल. 'आचाऱ्यांचा'मधला र हा रफार नव्हे, तो आडवा, पापणीसारखा असतो. हिंदीला त्याची गरज नाही, मराठीचं त्याच्याशिवाय चालत नाही. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर आणि समुद्राइतका फरक आहे. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहितात: ऱ हे वेगळं अक्षर वापरून, किंवा साध्या र् नंतर झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह घालून. आमच्या कन्व्हर्टरला ते न दिसणारं चिन्ह माहीत नव्हतं, त्याने ते गाळलं, आणि र् वर चढून रफार झाला. स्पेलचेक असता तरी उपयोग नव्हता, कारण आचारीही शब्द आणि आचार्यही शब्द. तिथं बातमी वाचून समजणारा माणूसच लागतो.

मग त्या पानाच्या वाटेवर माणसं नव्हती का? होती. मुद्रितशोधक काका आदल्या वर्षी निवृत्त झाले होते आणि त्यांची जागा भरलीच नव्हती, ते सोडा. पण मामांना दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच सांगितलं: "फोटोत झारे दिसले गं. म्हटलं, आचार्य कसले? पण कॉपी आली म्हणजे सरांनी बघितली असणार. आणि मथळ्याला आम्ही हात लावायचा नसतो." सरांनी पानावर सही केली, पण त्यांनी फोटोओळ आणि जाहिराती तपासल्या. मथळा तर आधीच आपल्या हाताखालून गेला असणार, असं त्यांनी धरलं. कारण तीस वर्षांत त्यांच्या हाताखालून न जाता मथळा पानावर आलाच नव्हता.

मला वाटायचं, मी एक पायरी गाळली म्हणजे एक तपासणी कमी झाली. तसं नसतं. पुढच्या प्रत्येकाने ती पायरी झालीच असं धरलं आणि आपला हात सैल सोडला. सरांचा "कॉपी माझ्याकडूनच जायला हवी" हा हट्ट मला खुर्चीचा माज वाटत होता. त्यात थोडा माज होताही, नाकारत नाही. पण त्या हट्टाच्या पोटात ही खात्री होती की पानावर आलेला प्रत्येक शब्द एका ठरावीक माणसाने वाचलाय. आणि त्याच उतरंडीचा दुसरा दोषही त्याच रात्री उघडा पडला: झारे बघणाऱ्या माणसाला बोलायची मुभा नव्हती. जुन्यांनी पायऱ्या राखाव्यात, पण खालच्या पायरीवरून वर हाक मारता आली पाहिजे. माझं भांडण आता एवढंच आहे.

वेळेचंही सांगून टाकते. आमची पाळी कागदावर पाच ते अकरा. सर आणि मामा प्लेट जाईपर्यंत, म्हणजे एक-दीड वाजेपर्यंत बसायचे, आपलं पान झालं असलं तरी. अकराला बॅग उचलली की नजरा पाठीला लागायच्या. पण सकाळी नऊपासून बातमीदारांचे मेसेज आमच्याच मोबाइलवर येत, ते कुणाच्या हिशोबात नव्हतं. ते बसून राहिल्याचे तास मोजायचे, आम्ही मोबाइलवरचे. दोघांचे मिळून मोजले असते तर लक्षात आलं असतं की दोघंही फुकट राबतोय. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा घातली होती, म्हणजे आठवड्याला ३६. मी सरांना हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "माहीत आहे. त्यासाठी आम्ही गेटवर उभे राहिलोय." मला हे माहीत नव्हतं. आठवड्याला ७० तासांच्या गप्पा ऐकत मोठी झालेली आमची पिढी, ज्यांनी तास कमी व्हावेत म्हणून घोषणा दिल्या त्यांच्यावरच चिडत होती. त्यांनी मात्र तेच तास पुन्हा निमूटपणे वाढू दिले, आणि वर आम्हाला आळशी म्हटलं, हेही खरंच.

त्या रविवारी मिस्साहून घरी आले तोच ऑफिसमधून निरोप आला, फोन कर. आचाऱ्यांपैकी थोरले होते. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. म्हणाले, "ताई, आम्ही आचारी. पंचवीस वर्षांत पयल्यांदा पेपरात आलो, तर गावात सगळे आचार्य, आचार्य करून हसायलेत. कात्रण कुणाला दावू?"

शुद्धिपत्र मीच लिहिलं. 'तांत्रिक चुकीमुळे' अशी सुरुवात केली होती. सरांनी पेनने ते दोन शब्द काढले. "मशीनने काय केलं? आपण वाचलं नाही." मग त्यांनी तीन ओळींचं शुद्धिपत्र न छापता बातमीच पुन्हा लावायला सांगितली, फोटोसकट, त्याच तीन कॉलमांत. मालकांकडून जागेवरून बोलणी खाल्ली ती त्यांनीच.

त्या आठवड्यापासून एक बदल झाला. पान प्लेटला जायच्या आधी मामा पानावरचा प्रत्येक र्य आणि र्ह शोधतात आणि इंटर्न तो शब्द मोठ्याने वाचतो, कारण हा पापणीचा र बहुतेक वेळा य आणि ह यांच्याच आधी येतो. पानाला चार-पाच मिनिटं लागतात. पहिल्याच रात्री 'वर्हाड' सापडलं. मामांनी मान वर केली आणि सरांच्या केबिनकडे बघून हाक मारली, "ओ सर, इकडं या जरा."