खेळण्यांची फेरी

चार ते सात वर्षांच्या मुलाला नवें खेळणें फार दिवस पुरत नाहीं. लवकरच तें फडताळांत धूळ खात पडतें, आणि शेजारच्या घरीं नेमकें तसलेंच विकत आणण्याचा हट्ट चालूं असतो. शेजाऱ्यांनीं खेळणीं अदलाबदल करावीं हा उपाय सहज सुचतो. परंतु अदलाबदल म्हटली कीं किंमत पाहणें आलें, आणि किंमत आली कीं रुसवे आले. म्हणून आम्ही सुचवितों तें निराळें आहे. खेळणीं बदलूं नयेत, उसनीं फिरवावीं. मालकी ज्याची त्याचीच राहावी.

पांच घरें धरूं. प्रत्येक घरानें चार खेळणीं एका कापडी पिशवींत घालावीं व सोबत यादी ठेवावी. यादींत नुसतें खेळण्याचें नांव नको, नग मोजून लिहावे: ठोकळे २४, भातुकलीचीं भांडीं ९. महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रत्येक पिशवी ठरलेल्या क्रमानें पुढच्या घरीं जावी. चार महिन्यांत मुलाच्या हातीं १६ निराळीं खेळणीं येतात आणि पांचव्या फेरीस त्याचीं स्वतःचीं परत येतात. इतके दिवस नजरेआड राहिल्यामुळें तींही त्याला नवींच भासतात.

पिशवींत काय जावें हें मुलानेंच ठरवावें. जी बाहुली उशाशीं घेऊन तें निजतें ती मागूं नये. फार किंमती खेळणेंही नको. मोडेल या धास्तीनें दुसऱ्या घरची गृहिणी तें कपाटावर ठेवते, आणि मुलाला तें नुसतें पाहावें लागतें.

पाठविण्यापूर्वीं प्लास्टिकचीं खेळणीं साबणाच्या पाण्यानें धुवावीं. सावंतवाडीच्या रंगीत लांकडी खेळण्यांना मात्र ओलसर फडकें पुरे. भिजविल्यास लांकूड फुगतें व रंग सुटतो.

एकत्र कुटुंबांत रांगतें मूल असतेंच. सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाच्या नळींतून जो नग आरपार जाईल तो तीन वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकूं शकतो. तो त्याच्या हातीं लागूं देऊं नये. बटणासारखी चपटी बॅटरी असलेलें खेळणें तर फेरींत घेऊंच नये. ती गिळली गेल्यास दोन तासांत अन्ननलिका भाजूं शकते. अशा वेळीं तत्काळ रुग्णालय गांठावें.

मोडतोड व्हायचीच. ज्या घरीं मोडलें त्यानें यादींत तसें लिहावें. भरपाई मागूं नये, कोणीं देऊंही नये. यादी महिनेन्‌महिने कोरी राहिली तर हर्ष मानूं नका. बहुधा पिशवी उघडलीच गेली नाहीं, किंवा खेळणीं त्या वयाचीं नाहींत, असें समजावें आणि त्या पिशवींतील नग बदलावे.