फोटो पाहिला, पण तुकडा घेतला का?

दर रविवारी विहारात बायका-माणसं आपापले रिपोर्ट घेऊन येतात. पिशवीतून आधी बाहेर निघतो तो दुर्बिणीच्या तपासाचा कागद. कारण त्यावर रंगीत फोटो असतात. "सिस्टर, बघा बरं, माझ्या पोटात काय दिसतंय?" असं म्हणून कागद माझ्यापुढे ठेवतात. रक्ताच्या रिपोर्टमधले आकडे कुणाला कळत नाहीत, पण फोटो मात्र आपल्याला कळेल असं प्रत्येकाला वाटतं. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे, की पोटाचा फोटो बरंच काही दाखवतो, पण सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. ते उत्तर तांदळाच्या दाण्याहून लहान अशा तुकड्यात असतं. आपल्याकडे तोच घ्यायचा राहून जातो.

मागच्या वर्षी आमच्या ओळखीच्या एक मावशी आल्या. वय चोपन्न, मानवतच्या शिवारात कापूस वेचणीला जाणाऱ्या. कंबर आणि गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षं दुकानातून दुखण्याची गोळी आणून खायची, तीही उपाशीपोटी, कामावर निघताना. पोटात आग पडायला लागली, जेवण जाईना, तेव्हा मुलाने एका दवाखान्यात नेऊन स्कोपी केली. कागदावर सहा फोटो होते आणि खाली लिहिलेलं होतं: जठरात अल्सर, अंदाजे सव्वा सेंटिमीटर. ॲसिड कमी करणारी गोळी आठ आठवडे दिली. पंधरा दिवसांत आग थांबली, भूक लागली, मावशी पुन्हा वेचणीला गेल्या. सगळ्यांना वाटलं, झालं बरं.

त्या कागदावर काय दिसत होतं ते नीट सांगते, कारण असे कागद तुमच्याही घरात असतील.

निरोगी जठराचं अस्तर आतून गुलाबी, ओलसर आणि चकाकणारं असतं, आपल्या गालाच्या आतल्या बाजूसारखं. वरच्या भागात त्याला लांब वळ्या असतात. हवा भरली की त्या पसरून सपाट होतात. खालच्या भागाला अँट्रम म्हणतात, तो मुळातच गुळगुळीत असतो. फोटोत पांढरा चकाकता ठिपका दिसला तर तो बहुतेक वेळा दुर्बिणीच्या दिव्याचा उजेड असतो, आणि पिवळं-हिरवं दिसलं तर ते पित्त. याला घाबरून आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

सूज असली, म्हणजे रिपोर्टमध्ये गॅस्ट्रायटिस लिहिलेलं असलं, की अस्तर लालसर आणि फुगलेलं दिसतं. कधी लाल पट्टे, कधी तोंडातल्या छाल्यासारखे बारीक पांढरे ठिपके आणि भोवती लाल कडं. हे ओरखडे वरवरचे असतात, खड्डा नसतो. पण गंमत अशी की लाल दिसणारं अस्तर तुकड्यात कधी कधी जवळपास चांगलं निघतं, आणि फोटोत चांगलं दिसणाऱ्या अस्तरात जंतूमुळे आलेली सूज सापडते. म्हणून नुसतं 'गॅस्ट्रायटिस' लिहिलेल्या कागदाला मी फार मान देत नाही. आपल्याकडे तो शब्द जवळजवळ प्रत्येक कागदावर असतो.

अल्सर म्हणजे खरा खड्डा. अस्तर फाटून खालच्या थरापर्यंत गेलेली जखम. तिच्या तळावर पांढरट-पिवळा थर बसलेला असतो. साधा अल्सर असेल तर खड्डा गोल किंवा लांबट, कड गुळगुळीत आणि एकसारखी असते. आजूबाजूच्या वळ्या चाकाच्या आऱ्यांसारख्या खड्ड्याकडे येतात आणि बारीक होत होत थेट कडेपर्यंत पोचतात. तळावर काळा ठिपका असेल तर तिथे रक्त येऊन गेलेलं असतं.

कॅन्सरच्या जखमेची कड वेडीवाकडी असते, उंदराने कुरतडल्यासारखी. कुठे उंच, कुठे खचलेली, कुठे गाठीगाठीची. वळ्या कडेपर्यंत येत नाहीत, अलीकडेच थांबतात. त्यांची टोकं जाड होतात किंवा दोन वळ्या एकमेकीत मिसळतात. तळ खडबडीत असतो आणि हात लावताच रक्त येतं.

हे पुस्तकातलं चित्र. पण सुरुवातीचा कॅन्सर असा ठळक नसतो. जपानी डॉक्टरांनी १९६२ साली त्याची व्याख्या ठरवली: जठराच्या भिंतीच्या फक्त वरच्या दोन थरांत असलेला, स्नायूपर्यंत न पोचलेला कॅन्सर म्हणजे सुरुवातीचा. या पायरीवर सापडलेले दहापैकी नऊ रुग्ण तिथे पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. दुर्बिणीत मात्र तो म्हणजे थोडासा खोलगट डाग, जरासा जास्त लाल किंवा जरासा फिकट, किंवा नुसता खडबडीत पृष्ठभाग. शेजारच्या सुजेत सहज मिसळून जाणारा. पोटात फेस राहिला असेल, तपास घाईत उरकला असेल, तर तो फोटोत येणारच नाही.

मावशींच्या कागदावर जठराच्या वाकणापाशी एक लांबट खड्डा होता, तळ पांढरा, कड बऱ्यापैकी सरळ. मी तो पाहिला असता तर मीही साधाच म्हणाले असते. पण तुकडा घेतलेला नव्हता, आणि परत कधी तपासायचं तेही लिहिलेलं नव्हतं.

सात महिन्यांनी मावशींना चालताना दम लागायला लागला. शौचाला काळं होत होतं, पण त्यांनी कुणाला सांगितलं नाही, कारण रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या आणि त्या गोळ्यांनी काळं होतं हे त्यांना माहीत होतं. (बायकांच्या बाबतीत ही फसगत फार होते. लोहाने शौचाचा रंग काळपट-हिरवा होतो. रक्ताने होतो तो डांबरासारखा काळा, चिकट आणि घाण वास येणारा.) हिमोग्लोबिन ६.८ निघालं. रक्त चढवून मोठ्या शहरातल्या सरकारी रुग्णालयात दुसरी स्कोपी झाली. त्याच जागी खड्डा होता, आधीपेक्षा लहान. एका बाजूला कड उंच झालेली, आणि दोन वळ्या कडेच्या अलीकडे थांबलेल्या. या वेळी कडेवरून चारही बाजूंनी आणि तळातून असे सात तुकडे घेतले. दहा दिवसांनी कॅन्सरचा रिपोर्ट आला.

खड्डा लहान कसा झाला, हा प्रश्न त्यांच्या मुलाने विचारला आणि तो अगदी बरोबर होता. ॲसिड कमी करणारी गोळी घेतली की कॅन्सरची जखमसुद्धा वरून भरायला लागते. दुखणं थांबतं, फोटोही सुधारतो, आणि खाली रोग चालूच राहतो. म्हणून 'गोळीने बरं वाटलं' हा पुरावा धरायचा नसतो. याच कारणासाठी जठरातल्या अल्सरचा तुकडा पहिल्याच वेळी घ्यायचा, आणि तो साधा निघाला तरी आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून जखम पूर्ण भरली का ते पाहायचं. भरली नसेल तर पुन्हा तुकडे. एका तुकड्यावर भागत नाही. सहा-सात घ्यावे लागतात, कारण कॅन्सर कडेच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो.

शस्त्रक्रियेच्या आधी सर्जननी पहिला कागद मागून घेतला. बराच वेळ पाहून म्हणाले, "इथे दोन वळ्या जरा आखूड वाटतात. पण सिस्टर, आता माहीत आहे म्हणून वाटतात." मला त्यांचा हा प्रामाणिकपणा आवडला. फोटोच्या भरवशावर राहायचं का नाही, हे यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही. मावशींचं अर्ध्याहून जास्त जठर काढलं. रोग स्नायूपर्यंत गेला होता आणि एका गाठीतही होता, म्हणजे 'सुरुवातीचा' ही पायरी ओलांडून गेलेला. सात महिन्यांपूर्वी तो कोणत्या थरात होता हे आता कुणीच सांगू शकत नाही. केमो झाली. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खातात. वेचणी सुटली.

तुकडा का घेतला जात नाही? दोष एकट्या डॉक्टरचा नाही. तुकड्याच्या तपासणीचे पैसे वेगळे लागतात, आणि ते ऐकून नातेवाईकच "पुढच्या वेळी बघू" म्हणतात. दुसऱ्या स्कोपीसाठी एक दिवसाची मजुरी बुडते, सोबतच्या माणसाचीही. आणि आपल्या वस्त्यांत पक्का समज आहे की तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. बहिणींनो, जठरातून चिमट्याने काढलेल्या तुकड्याने कॅन्सर पसरत नाही. तिथे दुखतही नाही, थोडं रक्त येऊन थांबतं. पण हे समजावून सांगायला दवाखान्यात कुणाला वेळ असतो? माझं मत असं, की जिथे अल्सर जठरात सापडला त्या कागदावर दोन ओळी मराठीत छापल्याच पाहिजेत: तुकडा घेतला की नाही, आणि परत तपासायची तारीख. ही मागणी आपण जिल्हा रुग्णालयापासून खाजगी दवाखान्यापर्यंत लेखी करू शकतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. अल्सर जठराच्या पुढच्या आतड्यात, म्हणजे ड्युओडेनममध्ये असेल, तर तो जवळजवळ कधीच कॅन्सर नसतो. कागदावर 'डी-१' असं काही लिहिलेलं असतं ते तिथलं. तिथे कॅन्सरसाठी तुकड्याचा आग्रह धरायची गरज नाही, पण एच. पायलोरी या जंतूची तपासणी हवीच. हाच जंतू अल्सर करतो हे ऑस्ट्रेलियाच्या मार्शल आणि वॉरन या डॉक्टरांनी दाखवलं. मार्शलने १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन पाहिला. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. तोवर आपल्याकडे अल्सर म्हणजे तिखट खाणं आणि चिंता असंच सांगत होते, आणि अजूनही सांगतात. जठराच्या कॅन्सरलाही हाच जंतू मोठं कारण आहे.

गेल्या रविवारी सत्तेचाळीस वर्षांचे एक हमाल भाऊ रिपोर्ट घेऊन आले. अल्सर डी-१ मध्ये, जंतूची तपासणी निगेटिव्ह, गोळी चालू. मी विचारलं, "दादा, स्कोपीच्या आधी ॲसिडिटीची गोळी घेत होता का?" म्हणाले, "सहा महिने झाले, रोज." ती गोळी चालू असताना जंतू असूनही तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. ती किमान दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असायला हवं. दुखण्याच्या गोळ्या ते घेत नव्हते, म्हणजे अल्सरला दुसरं कारण दिसत नव्हतं. पण जखम ताजी असताना गोळी आपल्या मनाने बंद करणंही धोक्याचं. मी त्यांना चिठ्ठी लिहून दिली: डॉक्टरांना विचारा, जखम भरल्यावर गोळी थांबवून जंतूची तपासणी पुन्हा करायची का, शौचाच्या नमुन्यावर होते तीही चालेल. चिठ्ठी त्यांनी रिपोर्टच्याच पिशवीत घातली.