बरणीचं झाकण पिवळंच हवं!

‘अगं, हे झाकण आपलं नाही!’ मामीने मोबाइल माझ्या हातात परत दिला. ती घरच्या घरी कैरीचं लोणचं करून विकते. काचेची बरणी, पिवळं झाकण. इन्स्टावर टाकायला चांगले फोटो हवेत म्हणून एआयने करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी पाठवलेल्या फोटोत झाकण हिरवं होतं. दुसऱ्यात झाकण पिवळं, पण खालचं कापडही पिवळं. तिसऱ्यात बरण्याच दोन! आणि प्रॉम्प्ट मात्र प्रत्येक वेळी तोच होता.

हे रडगाणं मित्रांपुढे गायलं की सल्ले दोनच येतात. एक गट म्हणतो, ‘कीवर्ड टाक, स्वल्पविराम दे, विषय संपला.’ दुसरा म्हणतो, ‘छे, आता पूर्ण वाक्यात लिहायचं असतं.’ दोघेही आपलंच खरं करतात. माझं मत असं की, हा वाद ‘चांगलं काय’ यावर घालण्यात अर्थ नाही. तुमचं मॉडेल काय वाचायला शिकलंय आणि तुम्ही त्याला नक्की काय सांगताय, या दोन गोष्टींवर उत्तर ठरतं.

मी दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. हा कीवर्डवाला प्रॉम्प्ट:

```
glass jar, mango pickle, yellow lid, green cloth,
wooden table, soft light, product photo
```

आणि हा वाक्यांचा:

```
A product photo of one glass jar of mango pickle
with a yellow lid. The jar stands on a folded green
cloth on a wooden table. Soft light from the left.
```

तुलना करताना एक पथ्य पाळावंच लागतं. प्रत्येक चित्र एका सीडपासून, म्हणजे सुरुवातीच्या ठरावीक आकड्यापासून तयार होतं. सीड बदलला की चित्र बदलतं. त्यामुळे एकाचा एक फोटो आणि दुसऱ्याचा एक फोटो शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही, नशीब तेवढं कळतं. मी १ ते ८ हे सीड कायम ठेवले, चित्राचा आकार आणि बाकी सेटिंग तीच ठेवली आणि फक्त प्रॉम्प्ट बदलला. मग प्रत्येक फोटोला तीनच प्रश्न विचारले. बरणी एकच आहे का? झाकण पिवळं आहे का? कापड हिरवं आणि बरणीखाली आहे का? फोटो ‘भारी’ दिसतो का, हे मुद्दाम विचारलं नाही. तो प्रश्न आला की आपण फसतो.

आधी स्टेबल डिफ्युजन १.५ वर, म्हणजे २०२२ च्या मॉडेलवर. जुनं असलं तरी साध्या गेमिंग लॅपटॉपवर चालतं, म्हणून विद्यार्थ्यांत अजून टिकून आहे. इथे कीवर्डच्या आठ फोटोंत तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणणारे मोजायला एका हाताची बोटं पुरली. पण गंमत म्हणजे वाक्यांनीही फार फरक पडला नाही. रंग इकडून तिकडे सांडतच राहिले.

कारण या मॉडेलचा मजकूर वाचणारा भाग, क्लिप, इंटरनेटवरचे फोटो आणि त्यांच्यासोबतचा त्रोटक मजकूर यांच्या जोड्यांवर शिकलेला आहे. तो मजकूर बहुतेकदा दुकानाच्या पाटीसारखा असतो: वस्तू, रंग, प्रकार. त्यामुळे चित्रात काय काय हवं, हे क्लिपला चांगलं कळतं. कोणता रंग कुणाचा आणि कोण कुणावर ठेवलंय, हे मात्र त्याच्या हातून निसटतं. शिवाय एका वेळी तो ७७ टोकन, म्हणजे शब्द किंवा शब्दांचे तुकडे, घेतो. त्यातले दोन सुरुवात आणि शेवट दाखवण्यात जातात. लांबलचक परिच्छेद लिहिलात, तर काही टूल्स ७५ नंतरचा भाग सरळ कापून टाकतात. हे ओळखायचं कसं? प्रॉम्प्टच्या शेवटी सांगितलेली वस्तू एकाही फोटोत येत नसेल, तर ती बहुधा वाचलीच गेलेली नाही. मराठीत प्रॉम्प्ट लिहिला तर देवनागरीचे इतके बारीक तुकडे होतात की ही जागा आणखी लवकर संपते.

म्हणून अशा मॉडेलवर माझं मत कीवर्डच्या बाजूने, पण एका अटीवर: रंग एकच सांगा. मी ‘green cloth’ काढून नुसतं ‘cloth’ ठेवलं, तेव्हा झाकण बऱ्यापैकी पिवळं राहायला लागलं. साधी पार्श्वभूमी, एकच वस्तू, एकच रंग असेल, तर कीवर्ड खरंच स्थिर निकाल देतात.

मग हेच दोन प्रॉम्प्ट फ्लक्सवर चालवले. २०२४ मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये क्लिपच्या जोडीला टी-५ नावाचा भाषा वाचणारा मोठा भाग आहे, आणि तो वाक्यातले संबंध बराच जास्त धरून ठेवतो. इथे वाक्यांनी बाजी मारली. झाकण पिवळं, कापड हिरवं, बरणी कापडावर, आणि हे एका सीडपुरतं नाही. कीवर्ड दिल्यावर वस्तू सगळ्या आल्या, पण कापड कधी बरणीखाली, कधी मागे, कधी बाजूला. मॉडेलची यात चूक नाही. स्वल्पविरामांच्या यादीत ‘कुठे’ हे मी सांगितलंच नव्हतं, मग ते त्याने प्रत्येक वेळी स्वतःच ठरवलं. वाक्य लिहिताना ‘वर’, ‘शेजारी’, ‘एकच’ हे शब्द आपोआप येतात. स्थिरता या शब्दांमुळे येते, व्याकरणामुळे नाही. ‘अतिशय सुंदर, मन मोहून टाकणारी बरणी’ हेही पूर्ण वाक्यच आहे, पण त्यात मॉडेलला धरायला काहीच नाही.

चॅटमधून चित्र काढणाऱ्या काही टूल्समध्ये तर आणखी एक भानगड असते. आपला छोटा प्रॉम्प्ट मागच्या मागे फुगवून नव्याने लिहिला जातो. दोन-चार कीवर्ड दिलेत तर उरलेली जागा दर वेळी वेगळ्या तपशिलांनी भरली जाते. तिथे वाक्यातच सगळं सांगून टाकलेलं बरं.

दोन्ही पद्धती जिथे हमखास दगा देतात, ती जागा म्हणजे ‘नको’. ‘चमचा नको’ असं लिहिलं की चमचा हटकून येतो, कारण ‘चमचा’ हा शब्द तर वाचला गेलाच! स्टेबल डिफ्युजनमध्ये नको त्या गोष्टींसाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो, तिथे नुसतं ‘spoon’ लिहायचं. असा रकाना नसेल तर काय हवं तेच सांगायचं: ‘टेबलावर बाकी काही ठेवलेलं नाही’ऐवजी ‘बरणीभोवतीचं टेबल मोकळं आहे’.

एवढं करूनही एक गोष्ट राहतेच. आठही फोटोंत तिन्ही उत्तरं ‘हो’ आली, तरी ती मामीची बरणी नव्हती. लेबलवरची अक्षरं वेगळी, काचेचा घाट वेगळा, फोडी जरा जास्तच तकतकीत. असा फोटो दाखवून लोणचं विकणं म्हणजे गिऱ्हाइकाला दुसऱ्याचीच बरणी दाखवणं. म्हणून शेवटी मी बरणी प्रॉम्प्टमधून काढूनच टाकली. कापड, टेबल आणि डावीकडून येणारा उजेड एवढंच फ्लक्सकडून वाक्यांत मागितलं, खऱ्या बरणीचा फोटो खिडकीपाशी तसाच डावीकडून उजेड घेऊन काढला आणि त्यावर बसवला.

मामीने तो झूम करून पाहिला. ‘हां, हे आपलं झाकण,’ म्हणाली. ‘पण कापड एवढं कडक इस्त्रीचं कुणाकडे असतं गं?’