कुंडीतील डाळिंब का उकलते?

दिल्लीहून एका भगिनींनी विचारले आहे की, गच्चीवरील मोठ्या कुंडीतील डाळिंबे पिकण्यापूर्वीच उकलली, तर झाडास कीड लागली असेल काय? कीड लागलेल्या फळास बारीक भोक असते व त्याच्या तोंडाशी विष्ठा दिसते. यांच्या फळांची साल मात्र स्वच्छ असून लांब रेषेत फाटली आहे. कारण त्यांच्या पत्रातच आहे. ऐन उन्हाळ्यात आठ दिवस त्या परगावी होत्या आणि परतताच त्यांनी दोन बादल्या पाणी ओतले.

पाण्याची ओढ बसली की सालीची लवचिकता जाते. मग एकाएकी पाणी मिळताच आतले दाणे भराभर फुगतात; ताठरलेल्या सालीला तो ताण सोसत नाही. कोवळी फळे तर ओढीच्या काळातच देठापासून गळतात.

अशा वेळी माती कुंडीच्या कडांपासून सुटलेली असते. ओतलेले पाणी कडेने वाहून जाते आणि आपल्याला वाटते, झाड भिजले! म्हणून पहिल्या दिवशी तांब्या-तांब्याने, मध्ये थांबत, थोडेच द्यावे. पूर्ण भिजवण दोन-तीन दिवसांत गाठावी. एरवी मातीत दोन इंच बोट खुपसून पाहावे. तेथे कोरडे लागले, की तळाच्या भोकातून झिरपेपर्यंत पाणी द्यावे. वर पालापाचोळ्याचा थर असला म्हणजे ओल टिकते. उकललेली फळे झाडावर ठेवू नयेत. त्यांत बुरशी शिरते. दाणे रंगले असतील, तर त्याच दिवशी खावेत.