‘माहिती मिळणेबाबत’

खालाच्या मुलीने महानगरपालिकेला लिहिलेलं पत्र मला वाचायला दिलं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय होता, ‘प्रभागनिहाय लोकसंख्येची माहिती मिळणेबाबत’. खाली लिहिलं होतं, ‘मी एक गरीब विद्यार्थिनी असून प्रोजेक्टसाठी आमच्या वॉर्डातील मुस्लिम लोकसंख्येची माहिती देऊन उपकृत करावे, ही नम्र विनंती.’ आवक-जावकच्या खिडकीवर तिला विचारलं गेलं, “मुस्लिमच का? करायचंय काय?” मग कॉलेजचं पत्र आण, साहेब मीटिंगमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात ये. तीन चकरांनंतर ती मला म्हणाली, “भाईजान, आपल्याला कुणी देत नाही.”

खिडकीवरच्या त्या प्रश्नाचा मला राग आलाच. माहितीचा अधिकार कायदा 2005, कलम 6(2) सांगतं की अर्जदाराला माहिती कशासाठी हवी याचं कारण विचारता येत नाही. पण तिच्या पत्राचाही राग आला, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलं. उपकृत कशाला? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून जोडपत्र ‘अ’ भरलं की तीस दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे. नाही दिलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. गरीब, नम्र, विद्यार्थिनी हे तिन्ही शब्द तिथे बिनकामाचे आहेत.

दुसरी चूक जास्त महागात पडते. जी माहिती पालिकेकडे नाहीच, ती तिने मागितली. जनगणनेतले धर्माचे आकडे शहरापर्यंत प्रसिद्ध होतात. वॉर्डपातळीवर एकूण लोकसंख्या, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे एवढंच मिळतं. त्यामुळे ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर खरं ठरतं आणि आपण ‘आपल्याला देत नाहीत’ म्हणत घरी येतो. भेदभाव होतो, मी नाकारत नाही. पण चुकीच्या अर्जाला मिळालेला नकार हा त्याचा पुरावा नव्हे.

मग मागायचं काय? ‘लोकसंख्या’ नव्हे, कागद. निवडणुकीसाठी प्रभाग रचना होते तेव्हा प्रत्येक प्रभागाची एकूण, अनुसूचित जाती आणि जमातीची लोकसंख्या, त्याच्या सीमा आणि नकाशा असा तक्ता तयार होतो. प्रभाग जुळवले जातात प्रगणक गटांपासून, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेल्या साधारण सव्वाशे-दीडशे घरांच्या तुकड्यांपासून. कोणत्या प्रभागात कोणते गट आले, ती यादी मागा. मोहल्ला त्या यादीत सापडतो. बऱ्याच ठिकाणी तक्ता पालिकेच्या संकेतस्थळावरच पडलेला असतो, फक्त पीडीएफ स्कॅन केलेली असते आणि वाकडी.

हाती आलेला तक्ता तपासा. सगळ्या प्रभागांची बेरीज शहराच्या 2011 च्या एकूण लोकसंख्येशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर बहुधा हद्दवाढीतली गावं मध्ये आली आहेत, किंवा एखादं पान सुटलंय.

आणि आता प्रोजेक्टलाच बसणारा धक्का. प्रभागांची लोकसंख्या मुळात सारखी ठेवलेली असते! समजा, शहर सहा लाखांचं आणि नगरसेवक ऐंशी. एकामागे साडेसात हजार, चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी तीस हजार. सरासरीपेक्षा दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे सत्तावीस ते तेहतीस हजार. तुमचा दाटीचा मोहल्ला आणि बंगल्यांची कॉलनी या तक्त्यात जवळजवळ सारख्याच दिसणार. नुसता तक्ता जोडून ‘आमच्याकडे गर्दी जास्त’ असं कुणी लिहिलं तर समोरचा अधिकारी हसेल, आणि बरोबर हसेल.

फरक दिसतो तो भागाकारात. नकाशावरून क्षेत्रफळ काढा आणि दर हेक्टरी माणसं मोजा. मग अंगणवाड्या मोजा. निकष साधारण चारशे ते आठशे लोकसंख्येमागे एक अंगणवाडी असा आहे. तीस हजारांच्या प्रभागात आठशेचा सैल हिशोब धरला तरी सदतीस-अडतीस येतात. प्रत्यक्षात किती आहेत? तिथे कोण राहतं हे सिद्ध करायची गरजच पडत नाही. माणसं किती आणि अंगणवाड्या किती, एवढ्यावर कमतरता उघडी पडते. आपल्यातले काही कार्यकर्ते पंचवीस वर्षं ‘आपल्या लोकांचा टक्का’ मागत फिरले. त्याऐवजी हा भागाकार केला असता तर निदान चार अंगणवाड्या तरी आल्या असत्या.

एक कमतरता मात्र कुठल्याही अर्जाने भरून निघत नाही. 2025 ची प्रभाग रचनासुद्धा 2011 च्या आकड्यांवर झाली. खालाची मुलगी त्या गणनेत पाच वर्षांची म्हणून मोजली गेली आहे. दंगलीनंतर, पाडापाडीनंतर किंवा नोकरीपायी नंतर मोहल्ल्यात आलेलं कुणीच त्या तक्त्यात नाही. हे तिने प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर स्वतःच लिहावं, म्हणजे तेच कारण पुढे करून कुणी प्रोजेक्ट फेटाळणार नाही.

नवा अर्ज आम्ही बसून लिहिला. राज्याच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. आमचे साठसुद्धा झाले नाहीत. ‘अंतिम प्रभाग रचनेतील प्रभाग क्रमांक अमुकची लोकसंख्या, समाविष्ट प्रगणक गटांची यादी व सीमा नकाशा यांच्या प्रती द्याव्यात.’ अंगणवाड्यांच्या यादीसाठी वेगळा अर्ज, वेगळे दहा रुपये. पोच घेतली, तारखेचा शिक्का तपासला. खिडकीवर या वेळीही विचारलंच, “कशाला पाहिजे?” तिने कलम 6(2) वर बोट ठेवलं आणि पोचपावती पर्समध्ये टाकली.