चौकट कापा, वेळ नको

पावसाळ्यात कोल्हापूरकरांचे लक्ष राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीकडे लागलेले असते. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. समजा, नदीकाठच्या एखाद्या ग्रामपंचायतीत हा आकडा दर तासाला पांढऱ्या फळ्यावर लिहितात आणि फळ्याचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. हा फोटो कापून, चकाकी पुसून टाकावा, की आहे तसाच?

कापण्याच्या बाजूने भक्कम कारण आहे. 4000 पिक्सेल रुंदीच्या फोटोत फळा निम्माच असेल, तर उरलेली जागा भिंत आणि खुर्च्या खातात. पाठवताना फोटो 1600 पिक्सेलपर्यंत आक्रसला, की फळ्याच्या वाट्याला 800 पिक्सेल उरतात. आधी कापून पाठवला, तर तोच फळा दुप्पट रुंद दिसतो आणि आजोबांनाही अक्षर लागते.

पण कापणारे अॅप लिखाण वाचत नाही. ते कडा शोधते. भिंत पांढरी आणि फळ्याची पट्टीही फिकट असेल, तर त्याची रेघ चुकते आणि कोपरा जातो. तारीख आणि वेळ बहुधा त्याच कोपऱ्यात लिहिलेली असते. मग कालची पातळी आजची म्हणून गावभर फिरते. म्हणून फोटो काढताना चारही पट्ट्या आत घ्याव्यात आणि कापताना कोपरे बोटाने सरकवून तपासावेत. पट्टी गेली तरी चालेल, वेळ राहिली पाहिजे.

चकाकीचे गणित वेगळे. ट्यूबलाइटचा झोत पडलेल्या जागी शाई फोटोत अंधुक नसते, उतरलेलीच नसते. अॅप तो डाग आजूबाजूच्या पांढऱ्यात मिसळून टाकते आणि तिथे काही लिहिले होते याची खूणही उरत नाही. ‘40 फूट 11 इंच’मधला शेवटचा 1 असा गेला, तर 10 इंच पाणी कागदोपत्री ओसरते. दोन शब्दांमध्ये विनाकारण मोठी जागा किंवा मध्येच तुटलेला फराटा दिसला, तर मूळ फोटो उघडून पाहावा.

त्यावर उपाय फ्लॅश बंद करून दोन पावले बाजूला सरकण्याचा आहे. चकाकी जागा बदलते, लिखाण बदलत नाही. तिरपा आलेला फळा अॅप सरळ करून देते. फळा पुसून झाला असेल आणि पुन्हा फोटो शक्य नसेल, तर चकाकी तशीच ठेवावी आणि पुसट आकडा खाली टाइप करावा. तोही आठवत नसेल, तर ‘वाचता येत नाही’ असे लिहावे.

थोडक्यात, भिंत आणि पट्टी बिनधास्त कापा. चकाकी मात्र फोटो काढतानाच टाळायची असते. नंतर ती झाकणे म्हणजे हरवलेला आकडा लपवणे. आणि मूळ फोटो पूर ओसरेपर्यंत फोनमधून काढू नये.