चार्जिंगला लावताच फोन ‘वेडा’ का होतो? डिस्प्ले बदलण्याआधी अ‍ॅडॉप्टर तपासा

समजा, राहुरीतल्या एका शेतकऱ्याने बसस्थानकाबाहेरून शंभर रुपयांचा चार्जर घेतला. रात्री फोन चार्जिंगला लावून तो यूपीआयचा पिन टाकतो. ४ दाबले की ७ उमटतो, स्क्रीन आपोआप सरकते. पिन चुकत राहतो. दुकानदार म्हणतो, ‘डिस्प्ले गेला.’ पण चार्जर काढला की तोच फोन सुरळीत चालतो. इथेच खरे उत्तर दडलेले आहे.

टचस्क्रीन दाब ओळखत नाही. काचेखाली पारदर्शक तारांची उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आले की तिथली विद्युतधारिता किंचित बदलते आणि फोन तो अतिसूक्ष्म बदल मोजतो.

अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून ट्रान्सफॉर्मरमधून ५ व्होल्टवर आणतो. या उघडझापीचा काही गोंगाट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळ्यांमधून फोनच्या बाजूला झिरपतो. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये तो परत वळवणारा सुरक्षा-प्रमाणित ‘वाय कपॅसिटर’, फिल्टर आणि गुंडाळ्यांमधले आवरण असते. स्वस्त अ‍ॅडॉप्टरमध्ये नेमकी हीच काटछाट होते. मग केबलमार्गे अख्खा फोनच जमिनीच्या तुलनेत थरथरू लागतो. आपले शरीर मात्र जमिनीशी जोडलेले. बोट टेकताच हा फरक त्या जागी जाळीत शिरतो आणि बोटाच्याच ओळीत दुसरीकडेही खोटा स्पर्श नोंदवला जातो.

म्हणूनच निदान सोपे आहे. त्याच केबलने फोन पॉवर बँकेला लावावा. पॉवर बँकेचा घरच्या विजेशी संबंध नसतो. तिथे टायपिंग नीट झाले, तर केबल आणि डिस्प्ले दोन्ही निर्दोष; दोषी अ‍ॅडॉप्टर. चार्जर नसतानाही स्क्रीन भरकटत असेल, तर मात्र डिस्प्ले, ओलावा किंवा काचेवरचे संरक्षक आवरण तपासावे लागेल.

प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. २३० व्होल्ट आणि हातातला फोन यांच्यातली भिंत म्हणजे हाच ट्रान्सफॉर्मर. खोटे स्पर्श झाले म्हणजे शॉक बसेलच असे नाही. पण जिथे फिल्टरवर पैसे वाचवले, तिथे इन्सुलेशनवरही वाचवले असण्याची शंका रास्त आहे. वाय कपॅसिटरच्या जागी साधा कपॅसिटर बसवला असेल आणि तो शॉर्ट झाला, तर मेन्सची वीज थेट फोनपर्यंत पोहोचू शकते.

भारतात मोबाइल चार्जरला बीआयएस नोंदणी सक्तीची आहे. अ‍ॅडॉप्टरवरचा R- ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल, तर तो चार्जर घेऊ नये. दुरुस्ती दुकानांनीही डिस्प्लेचा खर्च सांगण्याआधी पॉवर बँकेची ही दोन मिनिटांची चाचणी ग्राहकासमोरच करायला हवी. नाहीतर चार्जरच्या दोषापायी ग्राहकाला विनाकारण नवा डिस्प्ले विकत घ्यावा लागेल, आणि घरी गेल्यावर नवी स्क्रीनही तशीच वागेल.